गोड शब्दांतलं प्रगतिपुस्तक

‘सोपवलेली सर्व कामं त्यांनी आमच्या समाधानाप्रमाणे पार पाडली.’ आपल्याकडच्या एखाद्या कंपनीने नोकरी सोडताना असं लिहून दिलं, तर माणूस ते पत्र घरी दाखवेल. जर्मनीत मात्र एचआरमधला अनुभवी माणूस हे वाक्य वाचतो आणि मनात ‘चार’ असा आकडा धरून पुढच्या अर्जाकडे वळतो. जर्मन शाळेत एक म्हणजे सर्वोत्तम आणि सहा म्हणजे सपशेल नापास. तिथे चार म्हणजे कसाबसा पास.

या पत्राला जर्मनीत ‘आर्बाइट्स-त्सॉयग्निस’ म्हणतात. आपलं रिलीव्हिंग लेटर किंवा एक्सपिरियन्स लेटर चार ओळींत संपतं: अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक पदावर होती, शुभेच्छा. तसं साधं पत्र जर्मनीतही असतं, पण ते कुणी मागत नाही. मागतात ते सविस्तर पत्र. त्यात कामाचं स्वरूप तर असतंच, शिवाय काम कसं केलं आणि वागणूक कशी होती याचं मूल्यमापनही असतं. नोकरी संपताना असं पत्र मागण्याचा हक्क कर्मचाऱ्याला कायद्यानेच दिला आहे. ‘गेवेर्बेऑर्डनुंग’ नावाच्या कायद्याच्या कलम १०९ मध्ये तो आहे. नव्या नोकरीचा अर्ज करताना आधीच्या सगळ्या नोकऱ्यांची ही पत्रं जोडायची रीत आहे. त्यामुळे वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या फाइलमध्ये अशी चार-पाच पत्रं सहज असतात, आणि मधलं एखादं नसेल तर मुलाखतीत त्याबद्दल विचारणा होते.

पत्राची भाषा अशी वळणावळणाची का झाली, याचं उत्तर न्यायालयांच्या दोन मागण्यांत आहे. पहिली मागणी अशी की पत्र खरं असलं पाहिजे. नवा मालक त्यावर विसंबून माणूस घेणार असतो. गंभीर दोष जाणूनबुजून दडवून कुणी खोटी स्तुती केली आणि नव्या मालकाचं नुकसान झालं, तर जुना मालक भरपाईला जबाबदार ठरू शकतो. दुसरी मागणी अशी की पत्र सद्भावनेने लिहिलेलं असलं पाहिजे. माणसाच्या पुढच्या वाटचालीत विनाकारण खोडा घालायचा नाही, हे जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९६३ मध्येच सांगून ठेवलं. आता आळशी माणसाबद्दल खरंही लिहायचं आणि चांगलंही लिहायचं, म्हणजे काय करायचं? मालकांनी त्यातून वाट काढली. वाईट काहीच लिहायचं नाही, फक्त स्तुतीची मात्रा कमी-जास्त करायची. वाचणाराही त्याच धंद्यातला असल्याने मात्रा बरोबर ओळखतो.

या मात्रेची शिडी सगळ्यांत स्पष्ट दिसते ती पत्राच्या मध्यावर येणाऱ्या एका ठरावीक वाक्यात. ‘त्सुफ्रीडनहाइट’ म्हणजे समाधान. या शब्दाभोवती दोन खुंट्या असतात. एक काळाची, ‘श्टेट्स’ म्हणजे नेहमी, सातत्याने. दुसरी प्रमाणाची, ‘फोलन’ म्हणजे पूर्ण आणि ‘फोल्स्टन’ म्हणजे त्याहूनही पूर्ण. पूर्णाहून पूर्ण असं काही नसतं, अशी कुरकुर जर्मन भाषेचे शिक्षक करतात, पण पत्रांत हा शब्द घट्ट रुजला आहे. ‘नेहमीच आमच्या पूर्णतम समाधानाप्रमाणे’ म्हणजे एक. ‘नेहमीच आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे’ म्हणजे दोन. ‘नेहमी’ गळलं आणि नुसतं ‘आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे’ उरलं की तीन. ‘पूर्ण’ही गळलं की चार. ‘एकंदरीत पाहता आमच्या समाधानाप्रमाणे’ म्हणजे पाच, कारण एकंदरीत म्हटलं की काही ठिकाणी समाधान नव्हतं हे आलंच. आणि सगळ्यांत खाली, ‘त्यांनी कामं पार पाडण्याचा प्रयत्न केला.’ जर्मन शब्द ‘बेम्यूट’. प्रयत्न केला, म्हणजे जमलं नाही. हे वाक्य असलेलं पत्र लोक अर्जाला जोडतच नाहीत.

प्रत्यक्ष वाचताना हे सगळं कसं लागतं, ते एका नमुन्यावर पाहू. नमुना मी रचलेला आहे, पण त्यातलं प्रत्येक वाक्य रोजच्या वापरातलं आहे. समजा, पुण्याहून श्टुटगार्टला गेलेला एक टेस्ट इंजिनियर मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत साडेतीन वर्षं काम करून बाहेर पडतो. त्याला हे पत्र मिळतं:

‘श्री. अमुक १ एप्रिल २०२१ ते ३० सप्टेंबर २०२४ या काळात आमच्याकडे टेस्ट इंजिनियर म्हणून कार्यरत होते. चाचण्यांचं नियोजन, मोजमापांचं विश्लेषण, अहवाल तयार करणं आणि ग्राहक-कंपन्यांकडे जाऊन निकाल सादर करणं ही त्यांची कामं होती. त्यांच्याकडे भक्कम व्यावसायिक ज्ञान आहे. नव्या विषयांत त्यांनी रस दाखवला. सोपवलेली कामं त्यांनी आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे पार पाडली. सहकारी आणि वरिष्ठ यांच्याशी त्यांची वागणूक निर्दोष होती. परस्पर संमतीने त्यांची नोकरी ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपत आहे. पुढील वाटचालीसाठी आम्ही त्यांना शुभेच्छा देतो.’

आपल्या कानाला हे पत्र बरं वाटतं. कुठे टीका नाही, उलट ज्ञान भक्कम आहे आणि वागणूक निर्दोष. आता जर्मन एचआरच्या नजरेने वाचू. मुख्य वाक्यात ‘पूर्ण’ आहे पण ‘नेहमी’ नाही, म्हणजे तीन. ‘भक्कम’ ज्ञान हेही तीनच्याच आसपासचं. पहिल्या श्रेणीत ते ‘उत्कृष्ट आणि सखोल’ असतं, आणि ते कामात कसं उपयोगी पडलं हेही पुढे येतं. ‘रस दाखवला’ हे वाक्य मात्र खटकतं. रस दाखवला, पुढे काय झालं? काम चांगलं असतं तर लिहिणाऱ्याने परिणाम लिहिला असता.

वागणुकीच्या वाक्यात तीन गोष्टी एकदम पाहायच्या. ‘निर्दोष’ला जर्मन शब्द ‘आइनवांटफ्राय’, आणि त्याच्या आधी ‘नेहमी’ असतं तर दोन झाले असते. ते नाही, म्हणून तीन. मग क्रम. रिवाज असा की वरिष्ठ आधी, मग सहकारी, मग ग्राहक. इथे सहकारी आधी आले, याचा अर्थ वाचणारा असा लावतो की साहेबाशी याचं फारसं जमत नव्हतं. तिसरी गोष्ट या पत्रात नाहीच, आणि ती नसणं हेच सगळ्यांत बोलकं आहे. कामाच्या यादीत ग्राहकांकडे जाणं आहे, पण वागणुकीत ग्राहकांचा उल्लेख नाही. मग ग्राहकांकडे काही झालं होतं का, ही शंका येणारच. जर्मन लोक याला ‘बोलकं मौन’ म्हणतात. रोखपालाच्या पत्रात प्रामाणिकपणाबद्दल एक शब्द नसेल तर लोकांच्या भुवया उंचावतात, त्यातलाच हा प्रकार. एका वृत्तपत्राच्या संपादकाच्या पत्रात ताणाखाली काम करण्याच्या क्षमतेचा उल्लेख नव्हता, म्हणून तो न्यायालयात गेला. २००८ मध्ये एरफुर्टच्या केंद्रीय कामगार न्यायालयाने सांगितलं की एखाद्या व्यवसायात जो गुण नोंदवण्याची रूढीच आहे, तो गाळणं हा छुपा शेरा ठरू शकतो आणि कर्मचारी तो उल्लेख मागू शकतो.

आता शेवट. ३० सप्टेंबर ही महिनाअखेर आहे, हे या इंजिनियरच्या बाजूचं. नोकरी महिन्याच्या मधल्या एखाद्या विचित्र तारखेला संपलेली दिसली तर तडकाफडकी काढलं असावं असा संशय येतो. पण ‘परस्पर संमतीने’ हे शब्द बरे नाहीत. स्वतःहून सोडणाऱ्याच्या पत्रात ‘स्वतःच्या इच्छेने’ असं लिहितात. परस्पर संमती म्हणजे बहुतेक वेळा कंपनीला तो नको होता आणि करार करून प्रकरण मिटवलं. शेवटच्या ओळीत खेद नाही, आभार नाहीत, नुसत्या शुभेच्छा. पहिल्या श्रेणीच्या पत्रात हीच ओळ लांबलचक असते: त्यांच्या जाण्याचं आम्हाला फार वाईट वाटतं, त्यांच्या नेहमीच्या अत्यंत उत्तम कामाबद्दल आम्ही त्यांचे आभार मानतो आणि पुढेही त्यांना असंच यश मिळो. त्यातलं ‘पुढेही’ सुद्धा मोजून घातलेलं असतं, कारण त्यातून आजवर यश मिळालं हे कबूल होतं. सगळं धरून आपल्या इंजिनियरला तीन मिळाले, आणि तेही साहेबाच्या नाराजीसह.

इथे एक सांगायला हवं. या भाषेबद्दल ऐकलेल्या माणसाला सगळ्यांत आधी आठवतात ते चटपटीत संकेत. ‘त्यांच्या मनमिळाऊपणामुळे कार्यालयातलं वातावरण सुधारलं’ म्हणजे कामावर दारू प्यायचा. ‘सहकाऱ्यांच्या अडचणींबद्दल त्यांना मोठी सहानुभूती होती’ म्हणजे बायकांच्या मागे लागायचा. ‘स्वतःला चांगलं मांडायचं कसब होतं’ म्हणजे आढ्यताखोर. ‘त्यांना उत्तम आरोग्य लाभो’ म्हणजे आजारपणाच्या रजा फार. अशा याद्या चवीने वाचल्या जातात, पण आजच्या पत्रात त्या क्वचितच भेटतात. कलम १०९ ने त्यांना सरळ बंदीच घातली आहे: पत्र स्पष्ट आणि समजेल असं असावं, शब्दांतून दिसतं त्याहून वेगळं काही सुचवण्यासाठी त्यात खूण किंवा वाक्यरचना नसावी. मोठी कंपनी अशा एका वाक्यासाठी खटला ओढवून घेत नाही. समाधानाच्या शिडीला मात्र न्यायालयंही गुप्त संकेत मानत नाहीत. ती उघड, सगळ्यांना ठाऊक असलेली रूढी आहे, आणि न्यायाधीश स्वतःच तिच्यावरून श्रेणी ठरवतात.

संकेत शोधण्याचा अतिरेकही होतो. एका कर्मचाऱ्याच्या पत्रात होतं की ‘आम्ही त्यांना अतिशय उत्सुक आणि प्रेरित कर्मचारी म्हणून ओळखू लागलो’. ‘ओळखू लागलो’ म्हटलं की तो गुण प्रत्यक्षात नव्हताच असा अर्थ होतो, ही समजूत बरीच पसरलेली आहे. तोही त्यावर विसंबून न्यायालयात गेला. २०११ मध्ये एरफुर्टच्या न्यायालयाने ते मानलं नाही. साध्या वाचकाला त्यात उलटा अर्थ दिसत नाही, असं म्हणून दावा फेटाळला. शिवाय लिहिणाऱ्याला ही शिडी ठाऊकच नसेल, अशीही शक्यता असते. गावातल्या एखाद्या सुताराने आपल्या कारागिराला मनापासून ‘माझ्या समाधानाप्रमाणे काम केलं’ असं लिहिलं, तर बिचाऱ्याने नकळत त्याला चार दिलेले असतात. छोट्या धंद्याचं पत्र वाचताना अनुभवी एचआर एवढी सूट देतो, पण सगळेच अनुभवी नसतात.

खुणा फक्त शब्दांतच असतात असं नाही. २०१३ मध्ये कीलच्या कामगार न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात मालकाच्या सहीतल्या एका अक्षरात हसऱ्या चेहऱ्यासारखी आकृती असायची. या पत्रावर मात्र त्याने तोंडाची टोकं खाली वळवलेली होती. कर्मचाऱ्याने तक्रार केली, आणि मालकाने नेहमीसारखी हसरी सही करून द्यावी असा आदेश निघाला. पत्राला घडी घालता येते का, हाही प्रश्न वरच्या न्यायालयापर्यंत गेला होता. १९९९ चं उत्तर असं की नेहमीच्या पाकिटात मावावं म्हणून दोन घड्या चालतील, पण त्यांच्या खुणा झेरॉक्सवर उमटता कामा नयेत. हसू येतं खरं, पण लोकांचं पोट या कागदावर अवलंबून असतं.

आता सगळ्यांत जास्त भांडण होतं त्या मुद्द्याकडे येऊ. आपल्या इंजिनियरला मिळालेले तीन त्याला मान्य नसतील तर? बर्लिनच्या एका दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात वर्षभर काम केलेल्या महिलेचं प्रकरण इथे बघण्यासारखं आहे. तिला ‘पूर्ण समाधानाप्रमाणे’ मिळालं होतं, तिला हवं होतं ‘नेहमीच पूर्ण समाधानाप्रमाणे’. म्हणजे वाद एका ‘श्टेट्स’चा, तीन की दोन. खालच्या दोन्ही न्यायालयांनी तिच्या बाजूने निकाल दिला. त्यांचा तर्क असा की पाहण्यांनुसार हल्ली जवळजवळ नव्वद टक्के पत्रांत दोन किंवा एक दिलेले असतात, मग सरासरी म्हणजे दोनच, आणि त्याहून कमी द्यायचे तर मालकाने कारण सिद्ध करावं. १८ नोव्हेंबर २०१४ ला एरफुर्टच्या न्यायालयाने हे उलटवलं आणि प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवलं. बाजारात काय वाटलं जातं यावरून श्रेणी ठरत नाही. शिडीचा मध्य तीन आहे. तीनपेक्षा वर हवं असेल तर कर्मचाऱ्याने सिद्ध करायचं, तीनपेक्षा खाली द्यायचं असेल तर मालकाने. त्या नव्वद टक्क्यांत वाद टाळण्यासाठी खैरातीने दिलेली पत्रंही असतील, आणि तशी पत्रं खरेपणाच्या कसोटीत बसत नाहीत, असंही न्यायाधीशांनी सुनावलं.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल मला पटतो. व्यवहारात मात्र त्याने एक पेच तसाच ठेवला. बहुतेकांना दोन मिळत असतील तर तीन मिळालेला माणूस रांगेत मागे पडतो, मग न्यायालय त्याला सरासरी म्हणो की आणखी काही.

आपल्या इंजिनियरला या निकालातून काय मिळतं ते असं. ‘नेहमी’ हवं असेल तर पुरावा त्याच्याकडे हवा: दरवर्षीच्या मूल्यमापनाचे कागद, बोनसची पत्रं, ग्राहक-कंपन्यांनी केलेल्या कौतुकाचे ईमेल. ऑफिसचा लॅपटॉप परत गेला की हे ईमेल हाती लागत नाहीत. ग्राहकांचा उल्लेख आणि वरिष्ठांचा क्रम यांसाठी तो जास्त जोर लावू शकतो, कारण तिथे रूढी त्याच्या बाजूने आहे. ‘परस्पर संमती’ खरोखरच झाली असेल तर ती खोडता येणं कठीण. मात्र सोडण्याचं कारण लिहायलाच हवं असं नाही, आणि तो उल्लेखच गाळा असं सांगता येतं. आभार आणि खेद यांचं काय? त्यासाठी न्यायालयात जाण्यात अर्थ नाही. शेवटच्या ओळीतल्या भावना मालकाच्या व्यक्तिगत असतात, त्या सक्तीने लिहून घेता येत नाहीत, हे २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये ठरलं आहे.

पहिली पायरी साधी असते. काय बदल हवा ते वाक्यासह लिहून, मुदत देऊन कंपनीला पाठवायचं. पुष्कळ कंपन्या इथेच मान्य करतात, कारण भांडणात त्यांना रस नसतो. उशीर करू नये. बऱ्याच नोकरीच्या करारांत कुठलाही हक्क अमुक महिन्यांत मागितला नाही तर संपतो असं कलम असतं, आणि ही मुदत अनेकदा फक्त तीन महिन्यांची असते. कंपनीने नकार दिला तर कामगार न्यायालय. तिथे पहिल्या फेरीला वकील लागत नाही, न्यायालयाच्या कचेरीत जाऊन दावा नोंदवता येतो. वकील केला तर मात्र जिंकलं तरी त्याची फी आपली आपणच भरायची. सुरुवातीलाच समेटाची तारीख लागते आणि बरीचशी भांडणं तिथेच मिटतात.

दुरुस्ती मागितली म्हणून कंपनी चिडून पत्र आणखी खराब करेल, ही भीती अनेकांना गप्प बसवते. २०२३ मध्ये नेमकं हेच प्रकरण एरफुर्टला पोचलं. कर्मचाऱ्याने दोनदा दुरुस्त्या मागितल्या. तिसऱ्या वेळी पत्र सुधारून आलं, पण आधीच्या दोन्ही पत्रांत असलेली खेद, आभार आणि शुभेच्छांची ओळ त्यातून गायब होती. न्यायालयाने ती परत घालायला लावली. ओळ मुळात दिलीच नसती तर सक्ती नव्हती, पण एकदा दिलेली ओळ हक्क मागितल्याची शिक्षा म्हणून काढून घेता येत नाही.

पुरावा गोळा करण्याचा एक मार्ग मात्र नोकरी चालू असतानाच मोकळा असतो. साहेब बदलला, खातं बदललं किंवा दीर्घ रजेवर जायची वेळ आली, की अशा रास्त कारणासाठी मधलं पत्र मागता येतं. त्याला ‘त्स्विशन-त्सॉयग्निस’ म्हणतात. काम जवळून पाहिलेला साहेब खुर्चीवर असतानाच ते घेतलेलं बरं. पुढे अंतिम पत्र लिहिताना कंपनीला या मधल्या पत्रातल्या श्रेणीवरून विनाकारण खाली येता येत नाही. दरम्यानच्या काळात काम खरंच घसरलं असेल, तरच तिला तो ‘नेहमी’ काढता येतो.